प्रसिद्धिपत्रकाची भाषा आणि हुरड्याची जाहिरात : एक चिकित्सा

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'फुले मधुर' हा रब्बी ज्वारीचा वाण खास हुरड्यासाठी आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हिवाळ्यात हुरडा विकणारा लहान शेतकरी आपल्या मालाची घोषणा बहुधा पुढील वळणाने करतो. नमुना कल्पित असला तरी हे वळण सर्वांच्या परिचयाचे आहे :

"आमच्या वतीने सर्व ग्राहकांना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, विद्यापीठाद्वारे विकसित 'फुले मधुर' वाणाचा दर्जेदार हुरडा ग्राहकसेवेत उपलब्ध करून देण्यात येत आहे."

या वाक्याचा ताठरपणा संस्कृतप्रचुर शब्दांमुळे आला आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. त्यामुळे 'उपलब्ध'ऐवजी 'मिळेल' लिहिले, प्रारंभी 'काय मंडळी!' जोडले आणि दोन-तीन उद्गारचिन्हे टाकली, की भाषा बोलकी झाली असे मानले जाते. वस्तुतः हा केवळ वेषपालट होय. मूळ दोष 'करून देण्यात येत आहे' या कर्महीन नव्हे, तर कर्ताहीन रचनेत आहे. पेरले कोणी, भाजणार कोण, मिळणार कधीपर्यंत, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही. हुरड्याच्या बाबतीत तर मुदत हीच मुख्य वार्ता असते. कारण कोवळ्या दाण्यातील साखरेचे पुढे पिष्टात रूपांतर होते, दाणा कडक होतो आणि गोडी जाते.

कर्ता व काळ परत आणल्यास हाच मजकूर असा होतो :

"यंदा आम्ही 'फुले मधुर' पेरली होती. कणसं आता हुरड्यावर आलीत. जेमतेम आठवडाभर गोडी राहील, मग दाणा कडक होईल. कणसं सकाळी खुडतो आणि तुमच्यासमोरच आगटीत भाजतो. यायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे तेवढीच खुडता येतील."

येथे 'दर्जेदार' हे विशेषण गळाले. त्याचे काम 'सकाळी खुडतो' या क्रियापदाने केले. वाणाचे नाव मात्र जसेच्या तसे राहिले, आणि ते राहिलेच पाहिजे. 'एकदम अस्सल गावरान' असे लिहिले असते तर भाषा सैल झाली असती, पण दावा खोटा ठरला असता. विद्यापीठाचा सुधारित वाण गावरान नव्हे.

'कणसं', 'यायचं' या अनुस्वारयुक्त रूपांवर प्राध्यापकवर्गातून आक्षेप येणे संभवते. तथापि बोलण्यातील भाषा लिहिताना अशी रूपे प्रमाणलेखनाच्या नियमांनाही मान्य आहेत. अडचण सरमिसळीची आहे. एका ओळीत 'कणसं' आणि पुढच्या ओळीत 'सदर कणसे' आले, की जुने पत्रक खालून डोकावू लागते.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. दर, वजन आणि आगाऊ रकमेच्या परतीची अट गप्पांच्या ओघात सांगितल्यास पुढे वाद उद्भवतो. तेवढ्या दोन ओळी कोरड्या भाषेत, मजकुराखाली स्वतंत्र असाव्यात.