घरगुती डब्याच्या जाहिरातीची भाषा : चवीकडून नित्यक्रमाकडे

प्रास्ताविक

शहरातील पेठांमध्ये विजेच्या खांबांवर, किराणा दुकानांच्या काउंटरवर आणि अभ्यासिकांच्या जिन्यात घरगुती डब्यांच्या जाहिराती आढळतात. आता त्या मोबाइलवरील गटांतूनही फिरत असतात. या मजकुराकडे भाषिक रचना म्हणून सहसा पाहिले जात नाही. वास्तविक एखाद्या घराची महिन्याची मिळकत या आठ-दहा ओळींवर काही अंशी अवलंबून असते. जाहिरात वाचून एकदा डबा मागविणारे पुष्कळ मिळतात. परंतु त्यांतील थोडेच महिना लावतात. या गळतीचे कारण बहुधा स्वयंपाकात शोधले जाते. ते अनेकदा जाहिरातीच्या वाक्यरचनेतच दडलेले असते, हे प्रस्तुत लेखात दोन नमुन्यांच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. हे नमुने पुण्याच्या पेरूगेट परिसरातील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून योजले आहेत.

पार्श्वभूमी

मासिक हिशेबाने जेवण पुरविण्याची प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईतील गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रिया महिन्याचे पैसे घेत. त्यांच्याच संघटनातून प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. या खाणावळींना जाहिरातीची गरज फारशी नव्हती. गावकी, नाते आणि ओळख यांतून जेवणारा येत असे आणि व्यवहाराचे नियम त्याला आधीच ठाऊक असत. आजचा विद्यार्थी लातूर, बीड वा सोलापूरहून येतो. ज्या घरातून त्याचा डबा येणार त्या घराशी त्याची कसलीही ओळख नसते. ओळखीने जे काम पूर्वी होत असे, ते आता जाहिरातीच्या मजकुराला करावे लागते. या मजकुराचे मूल्यमापनही त्याच कसोटीवर व्हावयास हवे.

पहिला नमुना : प्रसंगाची भाषा

सर्वत्र दिसणाऱ्या जाहिरातींचा सर्वसाधारण साचा पुढीलप्रमाणे असतो :

‘खास घरगुती चव! आईच्या हातच्या जेवणाची आठवण करून देणारा शुद्ध, सात्त्विक, रुचकर डबा. पहिला डबा फक्त 50 रुपयांत! आजच फोन करा. संधी सोडू नका.’

या मजकुरात विशेषणांची गर्दी आहे. डब्यात काय असते हे सांगणारे नाम मात्र एकही नाही. ‘घरगुती’ हा शब्द प्रत्येक जाहिरातीत असल्यामुळे त्याची वेगळेपण दाखविण्याची शक्ती संपली आहे. ‘आईच्या हातची चव’ ही शब्दयोजना तर विक्रेत्याच्या हिताच्या विरुद्ध जाते. ती वाचणाऱ्याच्या मनात त्याच्या स्वतःच्या आईचा स्वयंपाक उभा करते. मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या घरी काळ्या मसाल्याची आमटी होत असेल आणि डब्यात गूळ घातलेली आमटी आली, तर दोष चवीचा नसतो. जाहिरातीने सुचविलेली तुलनाच त्याला निराश करते. एका डब्यापुरती ही तुलना गोड वाटते. सव्वीस दिवस मात्र ती टिकत नाही.

अधिक महत्त्वाची बाब क्रियापदांची आहे. ‘फोन करा’, ‘सोडू नका’ ही आज्ञार्थी रूपे असून त्यांना ‘आजच’ या क्रियाविशेषणाची जोड आहे. संपूर्ण मजकूर एका दिवसाबद्दल बोलतो. ‘पहिला डबा’ असे म्हटले तरी दुसऱ्या डब्याविषयी तो मौन बाळगतो. वाचकही जाहिरातीने सांगितले तेवढेच करतो : एकदा फोन करतो, स्वस्तातला डबा खातो आणि संधी साधल्याच्या समाधानाने दुसऱ्या जाहिरातीकडे वळतो.

दुसरा नमुना : नित्यक्रमाची भाषा

त्याच स्वयंपाकघरासाठी जाहिरात पुढीलप्रमाणेही लिहिता येते :

‘पेरूगेट परिसरातील अभ्यासिकांसाठी दुपारचा डबा, सोमवार ते शनिवार. डब्यात 3 पोळ्या, सुकी भाजी, आमटी आणि भात असतो. आठवड्यातून दोनदा पालेभाजी असते. बुधवारी आमटीऐवजी मोड आलेल्या कडधान्याची उसळ आणि शनिवारी खिचडी-कढी असते. डबा साडेबारा ते एकच्या दरम्यान अभ्यासिकेच्या दाराशी येतो. रिकामा डबा दुसऱ्या दिवशी नेला जातो. महिन्याचे 26 डबे 2080 रुपये. आधी पाहावयाचे असल्यास सहा दिवसांचे 510 रुपये. एकच डबा 90 रुपये. गावी जाणार असल्यास आदल्या रात्री नऊपर्यंत कळवावे. महिन्यातून सहापर्यंत डबे पुढे मिळतात. एका वेळी 25 डबेच होतात.’

येथे क्रियापदे बदलली आहेत. ‘असतो’, ‘येतो’, ‘नेला जातो’, ‘मिळतात’ ही रूपे रोज घडणाऱ्या गोष्टींची आहेत. वाचक हा मजकूर वाचताना आजच्या भुकेचा विचार करीत नाही. आपला पुढचा महिना तो त्यात बसवून पाहतो. साडेबाराला अभ्यास थांबवून खाली यावयाचे, हे त्याला वाचतानाच दिसते. सदस्यत्वाचा निर्णय असा वेळापत्रकात बसल्यानंतर होतो.

‘आठवड्यातून दोनदा पालेभाजी’ या वाक्यातील संयमही लक्षणीय आहे. ‘रोज नवी भाजी’ असे लिहिणे सोपे असते. परंतु दुसऱ्या आठवड्यात बटाटा पुन्हा येतोच आणि त्या दिवशी जाहिरात खोटी ठरते. त्याचप्रमाणे ‘मंगळवारी मेथी’ असे नाव घालून लिहिले, तर पावसाळ्यात जुडीचा भाव वाढल्यावर स्वयंपाकघर अडचणीत येते. प्रकार निश्चित आणि नाव मोकळे ठेवणे हा येथील योग्य मार्ग होय. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 अन्वये घरगुती अन्नव्यवसायासही नोंदणी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक मजकुराच्या शेवटी छापल्यास ‘शुद्ध’ या विशेषणाची जागा पडताळता येणारी गोष्ट घेते.

खाड्याचे वाक्य

दुसऱ्या नमुन्यातील सर्वांत निर्णायक वाक्य चवीचे नाही, दराचेही नाही. ते खाड्याचे आहे. महिना लावताना विद्यार्थ्याच्या मनातील खरी शंका ‘जेवण आवडेल का’ ही क्वचितच असते; ती तो एका डब्यात मिटवू शकतो. त्याची शंका अशी असते की, मध्येच गावी जावे लागले तर पैसे बुडतील का? पहिली जाहिरात या शंकेला उत्तर देत नाही. म्हणून जेवण आवडलेला विद्यार्थीही रोज सुटा डबा मागविण्याचे ठरवितो आणि हळूहळू दुरावतो.

खाड्याची अट विक्रेत्याच्या बाजूनेही तपासली पाहिजे. समजा, एका डब्याचा खर्च 60 रुपये असून त्यांतील 50 शिधा व गॅसचे आणि 10 पोहोचविण्याचे आहेत. आदल्या रात्री कळले, तर कणीक कमी भिजविता येते, भाजी कमी आणता येते आणि खर्च वाचतो. सकाळी दहाला कळले, तर ते 50 रुपये गेलेलेच असतात. म्हणून ‘आदल्या रात्री नऊपर्यंत’ ही मर्यादा जाहिरातीतच हवी. ती नंतर तोंडी सांगितल्यास कटकट वाटते. पैसे परत न करता डबे पुढे देण्याचे कारणही सरळ आहे. महिन्याच्या आरंभी आलेली रक्कम तांदूळ-गव्हात गुंतलेली असते. सहाची कमाल मर्यादा दिवाळीसाठी आवश्यक ठरते, कारण त्या आठवड्यात अभ्यासिका एकदम रिकाम्या होतात आणि मर्यादा नसेल तर साठलेले सर्व डबे पुढील महिन्यावर कोसळतात.

हिशेबाची कसोटी

दोन्ही नमुन्यांचा फरक एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. पहिल्या जाहिरातीवर 30 जणांनी 50 रुपयांचा डबा मागविला, तर प्रत्येकी 10 प्रमाणे 300 रुपयांचा तोटा होतो. दुसऱ्या दिवशी किती येतील हे ठाऊक नसल्याने 20 डब्यांचा स्वयंपाक केला आणि मागणी 6 चीच आली, तर 14 डब्यांचे 700 रुपये वाया जातात. सहा डब्यांवरील नफा जेमतेम 180 रुपये. दोन दिवसांची तूट 820 रुपये होते. फोन मात्र तीस आले असल्याने जाहिरात यशस्वी झाल्याचा भास होतो.

दुसऱ्या जाहिरातीवर केवळ 8 जणांनी आठवडा लावला असे मानू. 48 डब्यांवर प्रत्येकी 25 प्रमाणे 1200 रुपये उरतात. त्यांतील 5 जणांनी महिना लावल्यास 130 डब्यांवर प्रत्येकी 20 प्रमाणे 2600 रुपये मिळतात आणि रोज किती पोळ्या लाटावयाच्या हे आदल्या रात्रीच कळते. सवलत पहिल्या डब्याऐवजी पहिल्या आठवड्यावर ठेवण्याचे महत्त्व यात आहे. एका डब्यात फक्त चव कळते. डबा वेळेवर येतो का, पोळी शनिवारपर्यंत तशीच मऊ राहते का, हे समजावयास आठवडा लागतो.

यावरून जाहिरातीचे यश फोनच्या संख्येवरून मोजू नये, हे उघड होते. प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे त्याने कोणती जाहिरात वाचली, आठवडा केव्हा लावला आणि दुसऱ्या महिन्याचे पैसे दिले का, एवढ्या तीन नोंदी वहीत ठेवल्यास पुरे. आठवड्यानंतरच बहुतेक जण थांबत असतील, तर जाहिरात आणि डबा यांत तफावत आहे असे समजावे. एका महिन्यानंतर थांबत असतील, तर कंटाळा अथवा खाड्यावरून झालेला वाद हे कारण तपासावे. परीक्षा संपून विद्यार्थी गावी परतला, तर ती गळती जाहिरातीच्या माथी मारता येत नाही.

मर्यादा

नित्यक्रमाच्या भाषेला तिची किंमत असते. ‘साडेबारा ते एक’ असे छापल्यावर दीडला आलेला डबा केवळ उशिराचा राहत नाही. तो वचनभंग ठरतो. रिकामा डबा दुसऱ्या दिवशी न्यावयाचा, तर 25 ग्राहकांसाठी 50 डब्यांचे संच लागतात. ही तयारी नसताना असा मजकूर छापणे विशेषणांच्या जाहिरातीपेक्षाही घातक होय, कारण विशेषण खोटे ठरविता येत नाही, वेळ मात्र येते. तसेच ‘25 डबेच होतात’ हे विधान खरे असेल तरच लिहावे. तिसावा ग्राहक स्वीकारल्याचे अभ्यासिकेच्या एकाच जिन्यात सर्वांना कळते.

समारोप

पहिली जाहिरात डब्याची स्तुती करते, तर दुसरी डब्याचा व्यवहार सांगते. पहिलीत शैली अधिक आहे, असे वरवर वाटते. परंतु वाचकाच्या उद्याविषयी बोलण्याची क्षमता दुसरीत आहे आणि महिना लावणारा ग्राहक उद्याचाच विचार करीत असतो. पूर्वीच्या खाणावळीत जे नियम ओळखीतून कळत, ते अनोळखी वाचकासाठी स्पष्ट, पाळता येतील अशा शब्दांत मांडणे हेच या लेखनप्रकाराचे खरे कार्य ठरते.