पडद्याआधीची दोन मिनिटं

गंभीर समीक्षेत ज्याला सहसा कोणी हात लावत नाही असा एक लहानसा मजकूर आज आम्ही समोर घेतला आहे. शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुलांनी केलेल्या अॅनिमेशन फिल्म दाखवायच्या असतात, आणि त्याआधी एक शिक्षक माईक हातात घेऊन दोन मिनिटं बोलतात. ते बोलणं हाच आजचा मजकूर.

प्रसंग शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईसारख्या गावचा आहे असं धरू. खाली वाचून दाखवणार आहोत ते भाषण कुणा एकाचं नाही. अशा भाषणांच्या सवयी एकत्र करून आम्ही तो नमुना जुळवला आहे. फिल्मही कल्पनेतलीच, पण विषय या पट्ट्यातला: उसात शिरलेला बिबट्या. सातवीच्या मुलांनी मातीचा बिबट्या केला, झाडूच्या काड्यांचा ऊस उभा केला आणि मोबाइल स्टँडला बांधून पन्नास सेकंदांची फिल्म केली. आता शिक्षक काय म्हणतात ते ऐका:

‘सन्माननीय व्यासपीठ आणि जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आजच्या संगणकाच्या युगात आमच्या विद्यार्थ्यांनी केलेला हा एक छोटासा प्रयत्न आहे. मुलांनी फार कष्ट घेतले आहेत. बिबट्या वाट चुकून उसात येतो आणि शेवटी जंगलात परत जातो, यातून निसर्ग वाचवा हा संदेश मिळतो. काही चुकलं असेल तर लेकरं समजून माफ करा आणि जोरदार टाळ्यांनी स्वागत करा.’

यात वाईट हेतू कुठेच नाही. तरी प्रेक्षकाचं काय होतं ते पाहू. शेवट आधीच कळला, म्हणून पाहायला काही उरलं नाही. संदेश आधीच मिळाला, म्हणून अर्थ लावायचं काम उरलं नाही. टाळ्यांची मागणीही आधीच झाली, म्हणून मत बनवायची गरज उरली नाही. आणि माफी? माफी मागितली की समोरचा चुका शोधू लागतो. घरी टीव्हीवर गुळगुळीत कार्टून पाहणारा प्रेक्षक थरथरणारा बिबट्या पाहतो आणि मनात म्हणतो, ‘हं, हीच ती चूक.’ पहिल्या रांगेत बसलेल्या मुलीला मात्र एक गोष्ट पक्की कळते: आपलं काम दाखवायचं तर आधी माफी मागावी लागते.

आपल्या परंपरेत प्रस्तावनेचं शास्त्र आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या सुरुवातीला सूत्रधाराला विचारलं जातं, की भासासारखे नावाजलेले नाटककार सोडून या नव्या कवीचं नाटक कशाला? सूत्रधार गयावया करत नाही. त्याचं म्हणणं साधारण असं, की जुनं-नवं यावरून ठरवू नका, पारखून घ्या. म्हणजे तो प्रेक्षकाकडे दया न मागता परीक्षा मागतो. आणि कवठे येमाईला हे परकं नाही. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. तमाशासाठी त्यांनी वगनाट्यं लिहिली. तमाशात गण होतो, गवळण होते, मग वग येतो. गण कान तयार करतो, पण वगाची गोष्ट सांगून टाकत नाही.

मग शिक्षकांनी काय सांगावं? त्यासाठी फिल्म कशी झाली ते थोडं समजून घ्यायला हवं. मातीची बाहुली जराशी हलवायची, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा. पुन्हा हलवायची, पुन्हा फोटो. सेकंदाला बारा फोटो धरले तर पन्नास सेकंदांना सहाशे फोटो लागतात. एका फोटोला एक मिनिट धरलं तर दहा तास, म्हणजे दर शनिवारी दोन तास बसून पाच शनिवार. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली ‘अंकुराची वाढ’ केली ती याच तत्त्वावर. कुंडीत वाटाणा पेरला, ठरावीक अंतरानं त्याची छायाचित्रं घेतली आणि अनेक दिवसांची वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटाभरात दाखवली. फरक एवढाच, की वाटाणा आपला आपण वाढत होता. बिबट्याला दर वेळी कुणीतरी हलवावं लागतं.

पण इथं एक सापळा आहे. सहाशे फोटो आणि दहा तास एवढंच सांगितलं तर प्रेक्षक म्हणतो, ‘बिचारी पोरं, किती राबली!’ हीसुद्धा दयाच. कष्टांचं कौतुक करायला फिल्म पाहावी लागत नाही, आकडा पुरतो. फिल्म पाहावी लागते ती मुलांनी घेतलेल्या निर्णयांसाठी. आपल्या फिल्ममध्ये बिबट्या उसाच्या कडेला येतो आणि दीड सेकंद थांबतो. कॅमेऱ्यासमोर जिवंत प्राणी आपोआप थांबतो, मातीचा नाही. अठरा फोटोंपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे कुणीतरी ठरवलं. त्या थांबण्यात तो विचार करतोय असं आपल्याला वाटतं, आणि मातीत जीव येतो तो तिथंच.

म्हणून आम्ही तेच भाषण असं करू:

‘नमस्कार. पहिली फिल्म सातवीच्या मुलांची, पन्नास सेकंदांची. बिबट्या मातीचा आहे, ऊस झाडूच्या काड्यांचा. बिबट्या हातानं जरासा हलवायचा आणि फोटो काढायचा. असे बारा फोटो झाले की एक सेकंद होतो. त्याच्या अंगावर थरथर दिसेल, ते मुलांच्या बोटांचे ठसे आहेत. चालता चालता तो एका जागी थांबतो, तिथं लक्ष ठेवा. कुणी काय केलं ती नावं शेवटी मी वाचून दाखवीन. आता दिवे बंद करू या.’

यातलं प्रत्येक वाक्य डोळ्यांना काम देतं. थरथरीचं कारण कळल्यावर तीच थरथर चूक न राहता हाताची खूण होते. गोष्ट मात्र सांगितलेली नाही. बिबट्याचं पुढे काय होतं ते पडद्यावरच कळेल. शिक्षकांचं स्वतःचं मार्गदर्शन कुठे आलं नाही, आणि नावं वाचून दाखवल्यामुळे पडद्यावरची अक्षरं न वाचता येणाऱ्या आजीलाही नातीचं नाव ऐकू येतं.

कुणी म्हणेल, युक्ती आधी सांगितली की जादू जाते. काही फिल्मच्या बाबतीत हे खरं आहे. वस्तू अचानक गायब होण्याची गंमत असेल तर कृती नंतरच सांगावी. पण चालण्याची, थांबण्याची जादू कृती कळल्यानं जात नाही. माती आहे हे ठाऊक असूनही ती आपल्याकडे पाहते असं वाटतं, हेच तर नवल.

भाषणाला मर्यादाही आहेत. मैदानातला दिवा पडद्यावर पडत असेल तर कोणतंही भाषण फिल्म वाचवणार नाही. प्रोजेक्टर सुरू होत नाही म्हणून भाषण लांबवलं तर सांगितलेली खूण लोक विसरतात. म्हणून आधी पडद्यावर चित्र येऊ द्यावं, आवाज तपासावा, मग बोलावं आणि लगेच फिल्म लावावी.

असं भाषण तपासायचं कसं? टाळ्या मोजू नका, त्या नातेवाईक वाजवतातच. फिल्म संपल्यावर एखादा पालक मुलीला ‘छान हं’ म्हणतो, की ‘तो तिथं का थांबला गं?’ असं विचारतो, तेवढं ऐका. पहिल्या वाक्याला तिच्याकडे उत्तर नसतं. दुसऱ्याला असतं, आणि बहुधा ते शिक्षकांनाही नवं असतं.