अँटी-हिरो, खलनायक आणि करडं पात्र

आधी एक शब्द बाजूला ठेवू. अँटी-हिरोला आपल्याकडे पुष्कळदा ‘प्रतिनायक’ म्हणतात. पण संस्कृत नाट्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा विरोधक, रामासमोरचा रावण. म्हणून मी आज अँटी-हिरो असंच म्हणणार आहे.

‘कोसला’मधला पांडुरंग सांगवीकर घ्या. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, परीक्षेत अपयश घेऊन घरी परततो. त्याच्या हातून कुणाचं मोठं वाईट होत नाही, पण नायकाकडून जे अपेक्षित असतं, म्हणजे पराक्रम, ध्येय, यश, तेही नाही. हा अँटी-हिरो. त्याच्यात उणीव आहे, दुष्टपणा नाही.

घाशीराम कोतवालाचं काय मग? १९७२च्या या नाटकाबद्दल विद्यार्थी मला हमखास सांगतात की, सर, घाशीराम अँटी-हिरो आहे, कारण त्याच्यावर अन्याय झालाय. झालाय हे खरंच. कनौजहून आलेल्या या ब्राह्मणावर पुण्यात चोरीचा आळ येतो, त्याला मारहाण होते. पण इथे एक प्रश्न विचारून बघा: त्याला हवंय काय? त्याला निर्दोष सुटायचं नाही, त्याला अख्ख्या शहराचा सूड घ्यायचाय. त्यासाठी तो स्वतःची मुलगी गौरी नाना फडणविसाच्या हवाली करतो आणि कोतवाली मिळवतो. पुढे ज्यांनी त्याला बोटही लावलं नव्हतं तेही भरडले जातात, कोठडीत ब्राह्मण गुदमरून मरतात. अन्यायामुळे सूड का सुरू झाला ते कळतं, पण त्याने हेतू बदलत नाही. गोष्ट घाशीरामाची आणि हेतूच घातक, तेव्हा तो खलनायकच, फक्त नाटकाच्या मध्यभागी बसलेला. नाना त्याच्याहून वाईट आहे, हा बचाव इथे चालत नाही. मुलीच्या मरणानंतर त्याचं दुःख आपल्याला हलवतं, पण दुःखामुळे त्याची जागा बदलत नाही.

करडं पात्र हे मात्र या दोघांच्या रांगेतलं तिसरं नाव नाही, गोंधळ होतो तो इथेच. अँटी-हिरो आणि मध्यवर्ती खलनायक या कथेतल्या जागा आहेत, करडेपणा हा स्वभाव आहे. तो दुय्यम पात्रातही असू शकतो. ‘सखाराम बाइंडर’मधली लक्ष्मी पाहा. देवभोळी, मुंगळ्याशीसुद्धा मायेनं बोलणारी. तीच सखारामाला चंपाचं गुपित सांगते. सखाराम चंपाचा गळा दाबतो, आणि प्रेत पुरायच्या कामाला लक्ष्मीच पुढे होते. तिला चांगली म्हणा की वाईट म्हणा, नाटकातलाच दुसरा प्रसंग तुम्हाला अडवतो. माझ्या मते सखारामापेक्षा करडी तीच आहे. पण यावर तुमच्यातल्या काहींचं मत वेगळं असणार, हात वर दिसतायत. बोला.