मोर एकच, हाक मारणारे अनेक

डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनांचा, म्हणजे इथल्या बोलीत वार्षिकोत्सवांचा, हंगाम असतो. शाळेचं मैदान असो वा रवींद्र नाट्यगृह, मराठी घरांतल्या मुलांच्या कार्यक्रमात एक गाणं अजूनही हमखास येतं: ‘नाच रे मोरा’. १९५३च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातल्या या गाण्याचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचं आणि आवाज आशा भोसल्यांचा. आजचे समूहनाच शब्दांशी कसे वागतात, हे या एकाच गाण्यात स्वच्छ दिसतं.

बहुतेक ठिकाणी पडदा उघडतो तेव्हा सगळीच मुलं मोर असतात. पाठीला पिसारा, ओळीत उभी, सगळ्यांचे हात सारखे. पण गाणं मोर म्हणत नाही. ते मोराला उद्देशून म्हटलेलं आहे. धृपदात एक हाक आहे, म्हणजे हाक मारणारे वेगळे आणि ज्याला हाक मारली तो वेगळा. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की रंगमंचाची मांडणी आपोआप ठरते. मुलांचं अर्धवर्तुळ, मध्ये मोकळी जागा आणि त्या जागेत येणारा मोर. धृपद प्रत्येक कडव्यानंतर परततं, तशी ही रचनाही परतते. त्यामुळे मुलांना दर वेळी परत यायला एक ठरलेलं ठिकाण मिळतं.

मग कडवी. पहिल्यात वाऱ्याची ढगांशी झुंज आहे. इथे दोन गट समोरासमोरून येऊन एकमेकांतून आरपार जाऊ शकतात, म्हणजे क्रियापदच रचना बदलून देतं. त्याच कडव्यात काळ्या ढगाला पिंजलेल्या कापसाची उपमा आहे. बहुतेक बाई इथे पिंजण्याची नक्कल बसवतात. इंदूरची कापडगिरणी, हुकुमचंद मिल, १९९१मध्ये बंद पडली. त्या काळानंतर जन्मलेल्या, हिंदीतून शिकणाऱ्या मुलाला पिंजणं ठाऊक नसतं आणि समोरच्या प्रेक्षकाला ती नक्कल ओळखूही येत नाही. त्यापेक्षा दोन्ही तळवे उघडून हात हळूहळू वर फुलवत नेले तर ढग दिसतो, आणि कवीला दाखवायचा होता तोही ढगच. वीज टाळी देते तिथे मात्र खरी टाळी हवी. तीही सगळ्यांची नको, मागच्या रांगेतल्या एकाच मुलीची, नेमकी त्या शब्दावर.

एन्ट्रीचं गणित याहून कडक आहे. मंच तीस फूट रुंद धरला तर विंगेपासून मध्यापर्यंत पंधरा फूट होतात. लहान मूल ठेक्यावर एका मात्रेत साधारण दीड फूट चालतं, म्हणजे त्याला दहा मात्रा लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हे पाच सेकंद झाले. मोर ‘मोरा’ या शब्दावर मध्यावर हवा असेल, तर त्याने आधीच्या सुरावटीतच निघायला हवं. शब्द ऐकून निघालेला मोर पोहोचतो तेव्हा ओळ पुढे सरकलेली असते. हाच नियम रांगा बदलतानाही लागू पडतो. पळापळ कडव्यांमधल्या वाद्यांच्या तुकड्यावर व्हावी. शब्द सुरू झाले की पाय स्थिरावावेत, कारण धावत्या हाताची मुद्रा कुणाला वाचता येत नाही.

नाच बिघडलाय, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. मागची रांग पुढच्या रांगेपेक्षा अर्धी मात्रा मागे असेल, किंवा नजरा विंगेतल्या बाईंकडे लागल्या असतील, तर मुलं ऐकत नसून बघून करताहेत. ‘पाच, सहा, सात, आठ’ मोजत बसवलेल्या नाचात हे नेहमीचंच आहे. ट्रॅक जरा अडकला की मोजणी सुटते आणि नाच विस्कटतो. शब्द पाठ असलेला गट मात्र पुढच्या ओळीला पुन्हा जुळून येतो.

अलीकडे चाळीस सेकंदांचे तुकडे जोडून एकच ट्रॅक करण्याची चाल पडली आहे. त्यात या गाण्याचं धृपद आणि एखादं कडवं उरतं, शेवटचं कडवं तर हमखास गळतं. रचनेच्या दृष्टीने तेच सगळ्यात श्रीमंत. पाऊस थांबतो, मोराशी जोडी जमते आणि आकाशात सप्तरंगी कमान येते. हाक मारणारी मुलं जोड्या करून, हात उंच धरून कमानी उभारतात, मोर त्यांच्याखालून जातो आणि इतका वेळ वेगळे असलेले दोन पक्ष एक होतात. हे कडवं कापलं तर नाचाला शेवट राहत नाही, फक्त संगीत थांबतं.

म्हणून तालमीचा क्रम उलटा करावा लागेल. पहिले दोन दिवस ट्रॅक बंदच ठेवावा. घरात मराठी कमी ऐकलेल्या मुलांना प्रत्येक ओळीचा अर्थ हिंदीत सांगावा, मग त्यांच्याकडून ओळी म्हणून घ्याव्यात आणि त्या म्हणतच खडूने आखलेल्या जागांवरून चालायला लावावं. हात त्यानंतर बसवावेत, पिसारा सगळ्यात शेवटी.