हो म्हणावं की नाही म्हणावं

“यंदा बाग साधली बरं का नाना! पोरानं लक्ष घातलेलं दिसतं.”

दिंडोरी तालुक्यात द्राक्षं उतरायला आली की असं वाक्य कुठल्याही बांधावर कानी पडावं. बोलणारा भावकीतला. ऐकायला शेजारचे दोघं-तिघं आणि माल बघायला आलेला व्यापारी. वाक्यात वावगा शब्द एकही नाही. बाग चांगली आली म्हटलंय, मुलाचंही नाव चांगल्या अर्थानंच घेतलंय. तरी नानांचा चेहरा उतरतो. का उतरतो, हे सांगायला गेलं तर चटकन सांगता येत नाही, आणि टोमण्याची सगळी ताकद तिथेच असते. म्हणून एखाद्या ओवीचं करावं तसं या दोन वाक्यांचं रसग्रहण करून पाहू.

पहिलाच शब्द ‘यंदा’. बाग समोर आहे, घड लोंबताहेत, म्हणजे बोलणं यंदाचंच आहे हे उघड आहे. तो शब्द नसता तरी काही अडलं नसतं. मग तो कशाला आला? मागच्या सालांची आठवण करून द्यायला. जो शब्द गाळला तरी कौतुकात उणं येत नाही, तो बहुधा कौतुकासाठी आलेलाच नसतो.

पुढे ‘साधली’. नानांनी बाग साधली असं तो म्हणत नाही, बाग साधली म्हणतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, नंतर घडांची विरळणी, मण्यांच्या फुगवणीसाठी जीएत घड बुडवणं, रात्री पाऊस शिंतडला की डावणीच्या धास्तीनं उजाडायच्या आत फवारणीचा पंप सुरू करणं, हे सगळं वर्ष त्या एका क्रियापदातून निघून जातं. कर्ताच उरत नाही. जणू पाऊस पडावा तशी बाग आपोआप साधली.

ही रिकामी जागा दुसरं वाक्य भरून काढतं. करणारा सापडतो, पण तो नाना नसतो. शेवटचं ‘दिसतं’ तर फार विचारपूर्वक ठेवलेलं आहे. उद्या कोणी जाब विचारलाच तर, “आपण कुठं छातीठोक सांगितलं? आपल्याला वाटलं ते बोललो,” असं म्हणून मागे सरायची वाट त्यात आधीच करून ठेवलेली असते.

असं वाक्य ओळखायची एक रीत मला फार भरवशाची वाटते. उत्तर देऊन पाहावं. नाना “हो” म्हणाले तर काय होतं? बाग चांगली आहे हे खरंच, पण त्या ‘हो’बरोबर आधीच्या सालांची नालायकी आणि यंदाचं श्रेय मुलाचं, हेही कबूल होऊन बसतं. “नाही” म्हणाले तर पोटच्या पोराचे कष्ट चारचौघांत नाकारल्यासारखं होतं. खऱ्या कौतुकाला ‘हो’ म्हणताना माणसाचं काही जात नाही. इथे दोन्ही उत्तरांत नानाच खाली येतात. अपमान वाक्य जे सांगतं त्यात नसतो, ते जे गृहीत धरून चालतं त्यात असतो. म्हणून तर त्याच्याशी वाद घालणं इतकं अवघड जातं.

पण शब्दांवरून झटकन निकाल लावू नये. हेच वाक्य सप्तशृंगीला जाताना वाटेत थांबलेली नानांची थोरली बहीण बोलली, तर त्याचा अर्थ पार बदलतो. भाच्यानं शहरातली नोकरी सोडून वावरात पाय ठेवला याचा तिला आनंद असतो, आणि तो नानांनाही असतो. खरं कौतुक करणाऱ्याला तपशील हवा असतो. विरळणी कधी केली, मण्याची साईज किती मिळाली, पाणी कसं पुरवलं, असं तो विचारत बसतो. टोमणा मारणारा वाक्य टाकून मोकळा होतो आणि लगेच दुसऱ्याकडे वळतो, कारण त्याला उत्तर ऐकायचंच नसतं. आणखी एक पाहावं, ते म्हणजे ऐकायला कोण उभं आहे. व्यापाऱ्यासमोर बोललेलं ‘यंदा’ आणि घरच्या ओट्यावर बोललेलं ‘यंदा’ यांचं वजन सारखं नसतं.

व्यापारी स्वतःही या कलेत कच्चा नसतो. “माल झकास आहे नाना, लोकल मार्केटला तर एक नंबर!” निर्यातीच्या आशेनं वर्षभर बाग जपलेल्या माणसाला हे ऐकवलं की भावाची बोलणी सुरू व्हायच्या आधीच भाव पडलेला असतो. इथे ‘तर’ हा एवढासा शब्द कुंपण घालतो. त्या कुंपणाच्या आत माल पहिला आणि बाहेर त्याला किंमत नाही.

कायद्यानंही ही स्तुती नीट वाचलेली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत बदनामीचं कलम ४९९ होतं, आज ते भारतीय न्याय संहितेत ३५६ वं आहे. उपरोधानं केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असं त्याच्या स्पष्टीकरणातच म्हटलंय. सोबतचं उदाहरण मोठं मार्मिक आहे. एक जण दुसऱ्याबद्दल सांगतो की तो प्रामाणिक माणूस आहे, त्यानं अमक्याचं घड्याळ कधीच चोरलं नाही. ऐकणाऱ्यांनी त्याला चोर समजावं या हेतूनं हे बोललं असेल, तर ती बदनामी. घड्याळाबद्दल कोणी विचारलेलंच नव्हतं. न विचारलेल्या आरोपातून सोडवणं हीच आरोप करायची रीत झाली. मात्र हेतू सिद्ध करावा लागतो, आणि बांधावरच्या नानांना तेच जमणारं नसतं.

बांधावरच्या टोमण्यापेक्षा निराळी जात उपरोधाची. मम्मटानं अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त तिचं नेमकं उदाहरण घेतलंय. घात करणाऱ्या मित्राला एक जण म्हणतो की तुझे फार उपकार झाले, तुझा सज्जनपणा कळला, असाच वागत शंभर वर्षं सुखानं जग. तिथे शब्दांचा सरळ अर्थ प्रसंगात टिकतच नाही, म्हणून तो उलटा करून घ्यावा लागतो. आपलं “उपकारच केलेस”, “काय दिवे लावलेस” हे त्याच घराण्यातलं. नानांच्या वाक्यात स्तुती खरी असते आणि तिच्या आडून घाव बसतो. उपरोधात स्तुतीच खोटी असते. म्हणून उपरोध वाचायचा तर शब्दांकडे पाहत बसू नये, ज्याबद्दल ते बोलले जाताहेत ती गोष्ट कशी घडली ते पाहावं.

मराठीत या दुसऱ्या जातीनं सत्तेशी दोन हात केले ते शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘काळ’ साप्ताहिकात. १८९८ साली पुण्यात ते सुरू झालं. इंग्रजांवर उघड टीका करणं म्हणजे राजद्रोहाच्या कलमाला आमंत्रण. शिवरामपंतांनी वक्रोक्तीचा रस्ता धरला. राज्यकर्त्यांचा न्याय, त्यांची दया, त्यांनी प्रजेवर केलेले उपकार यांची स्तुती अशा गंभीर चेहऱ्यानं करायची की वाचणाऱ्याला दुष्काळ, प्लेग आणि कर आठवल्याशिवाय राहू नयेत. नाशिकजवळच्या भगूरचे तरुण विनायक सावरकर याच ‘काळ’चे वाचक होते आणि हे ऋण त्यांनी पुढे मोकळेपणानं मानलं.

या लेखनातली खुबी एकेकट्या वाक्यात सापडत नाही. देशी वृत्तपत्रांतला मजकूर सरकारी भाषांतरकार इंग्रजीत उतरवून वर पाठवत. सुटं वाक्य उचललं तर भाषांतरात निखळ राजनिष्ठा उतरावी. पण तीच स्तुती आठवड्यामागून आठवडे, दर खेपेला एखाद्या नव्या अन्यायाच्या शेजारी उभी राहिली, की तिचा सरळ अर्थ लावणं भाबड्यातल्या भाबड्या वाचकालाही अशक्य होई. तो अर्थ सरकारलाही कळला. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात शिवरामपंतांना एकोणीस महिन्यांची सजा झाली, आणि ‘काळ’मधल्या निवडक निबंधांच्या पुस्तकांवरही पुढे बंदी आली.