मुद्दे राहतात, दुवे हरवतात : हेबर पद्धतीच्या टिपणांवरून

हस्तलिखित टिपणांपासून तयार केलेल्या अनेक अभ्यासपुस्तिका दिसायला नीटनेटक्या असतात. ठळक शीर्षके, खाली चार-पाच ठिपके, प्रत्येक ठिपक्यापुढे तीन-चार शब्द. मात्र वर्गात शिक्षकांनी मांडलेला युक्तिवाद त्यात शिल्लक राहिला आहे का, हे तपासायला हवे. अमोनिया तयार करण्याची हेबर पद्धत हे त्यासाठी सोयीचे उदाहरण आहे.

वहीच्या पानावर साधारणपणे असे असते. वर समीकरण : N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃, शेजारी ΔH = −92 kJ. त्याखाली ‘उष्मादायी, म्हणून कमी तापमान बरे’. तिथून एक बाण निघतो आणि समासात लिहिलेले असते : ‘पण वेग फार कमी!’ पुढे ‘४ रेणू → २ रेणू, म्हणून दाब जास्त’. शेवटी चौकटीत ‘सुमारे ४५० °से., २०० वातावरण, लोह’.

या पानाची पुस्तिका बहुधा अशी होते :

अमोनिया निर्मितीच्या अटी
- कमी तापमान
- जास्त दाब
- तापमान सुमारे ४५० °से.
- लोह उत्प्रेरक

एकही मुद्दा वहीबाहेरचा नाही. तरीही पहिला आणि तिसरा मुद्दा एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि विद्यार्थी दोन्ही पाठ करतो. वहीत त्यांना जोडणारे ‘पण’ समासात होते आणि बाण त्याकडे नेत होता. टंकलेखन करताना नेमका बाणच गळतो. ठिपक्यांची यादी सर्व मुद्द्यांना समान दर्जा देते. इथे मात्र एक मुद्दा समतोलाविषयी आहे, दुसरा वेगाविषयी, आणि ४५० ही या दोहोंमधली तडजोड आहे.

उत्प्रेरकाचेही तेच होते. ‘अटीं’च्या यादीत तो दाबाशेजारी बसला की त्यामुळेही समतोलातील अमोनियाचे प्रमाण वाढते, असा समज होतो. प्रत्यक्षात उत्प्रेरक समतोलाची जागा बदलत नाही. तिथे लवकर पोहोचवतो.

आता तेच पान वेगळ्या रीतीने मांडू. शीर्षक नामाऐवजी प्रश्न असू द्या, म्हणजे खालच्या मुद्द्यांना उत्तर द्यावेच लागते.

तापमान सुमारे ४५० °से. का ठेवतात?
1. अभिक्रिया उष्मादायी आहे. म्हणून तापमान कमी असेल तर समतोलात अमोनिया जास्त असतो.
2. पण नायट्रोजनच्या रेणूतील तिहेरी बंध मजबूत असल्याने कमी तापमानाला अभिक्रिया फार संथ होते.
3. म्हणून मधले तापमान निवडतात आणि वेगासाठी लोह उत्प्रेरक वापरतात.

दाब जास्त का, आणि किती?
1. चार रेणूंचे दोन होतात. म्हणून दाब वाढवला की समतोल अमोनियाकडे सरकतो.
2. पण जास्त दाबाला मजबूत पात्रे आणि जास्त ऊर्जा लागते. म्हणून दाब सुमारे २०० वातावरणांवर ठेवतात.

इथे ठिपक्यांऐवजी क्रमांक आहेत, कारण क्रम बदलला तर अर्थ बिघडतो. ठिपके वाईट नाहीत. अमोनियाचे उपयोग (खते, नायट्रिक आम्ल, शीतयंत्रे) कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. तिथे ठिपकेच योग्य. मुद्द्यांची अदलाबदल करून पाहा : काहीच बिघडले नाही तर ठिपके, बिघडले तर क्रमांक किंवा सरळ परिच्छेद.

दुसरी काळजी चिन्हांची. घाईत लिहिलेले −92 मधले वजा चिन्ह वहीच्या आखीव रेघेवर पडले की दिसत नाही. ते सुटले तर अभिक्रिया उष्माग्राही ठरते आणि पहिला मुद्दाच उलटतो. म्हणून प्रत्येक संख्येचे चिन्ह शेजारच्या वाक्याशी ताडून पाहावे : पान ‘उष्मादायी’ म्हणत असेल तर वजा हवेच. शब्द लागत नसेल तर अंदाजाने भरू नये. तिथे प्रश्नचिन्ह ठेवून वहीचा पृष्ठक्रमांक द्यावा.

अशा मांडणीची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. ती लांबते, चार ठिपक्यांच्या जागी आठ वाक्ये आली. परीक्षेच्या आदल्या रात्री छोटी यादी हवीशी वाटते, आणि ती वेगळी करायला हरकत नाही. पण ती पूर्ण मांडणीतून काढावी, थेट वहीतून नव्हे.

पुस्तिका पुरी झाली की वही मिटा आणि केवळ पुस्तिकेवरून एक प्रश्न सोडवा : तापमान २०० °से. केले तर काय होईल? पहिल्या यादीवरून उत्तर येते, ‘अमोनिया जास्त मिळेल.’ दुसरीवरून येते, ‘समतोलात जास्त, पण तिथवर पोहोचायला फार वेळ लागेल.’ वर्गात शिकवले होते ते हे दुसरे.