‘शिवाय’ गेला की निकाल फिरतो

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सुवास’ ही अनुवादप्रणाली सुरू केली. इंग्रजी न्यायालयीन मजकूर ज्या भारतीय भाषांत नेण्यासाठी ती आहे, त्यांत मराठीही आहे. कायद्याच्या इंग्रजीत ‘नॉट… अनलेस’ ही जोडी पावलोपावली भेटते. यंत्रानुवादाची खरी परीक्षा तिथेच होते.

‘द ऑर्डर शॅल नॉट बी एक्झिक्यूटेड अनलेस द कोर्ट पर्मिट्स’ हे नमुन्यादाखल रचलेले वाक्य घेऊ. सरळ मराठी अशी: ‘न्यायालयाने परवानगी दिल्याशिवाय आदेशाची अंमलबजावणी करू नये.’ इंग्रजीत ‘नॉट’ उघड दिसतो. दुसरा नकार ‘अनलेस’च्या पोटात दडलेला असतो. मराठीत तो ‘शिवाय’ किंवा ‘खेरीज’ यांत येतो, नाहीतर ‘देत नाही तोपर्यंत’ असा उघडपणे मांडावा लागतो. म्हणून दोन्ही भाषांतले ‘नाही’ मोजून अनुवाद तपासता येत नाही.

आता बिघडलेले रूप पाहा: ‘न्यायालयाने परवानगी दिल्यावर आदेशाची अंमलबजावणी करू नये.’ वाक्य व्याकरणशुद्ध आहे, कानाला कुठेही खटकत नाही. अर्थ मात्र नेमका उलटा झाला. बहुतेक अनुवादयंत्रे शब्दांचे लहान तुकडे करून काम करतात. ‘दिल्याशिवाय’ आणि ‘दिल्यावर’ यांतला फरक शेपटाकडच्या एका तुकड्यात आहे, आणि सगळा अर्थ त्या तुकड्यावर टांगलेला आहे.

ही चूक मोजमापातूनही निसटते. २००२ पासून रुळलेली ‘ब्ल्यू’ ही गुणपद्धती यंत्राचे शब्द आणि शब्दगट माणसाने केलेल्या अनुवादाशी जुळवून पाहते. सुट्या शब्दांपुरते पाहिले, तर वरच्या उलट्या वाक्यातले सातपैकी सहा शब्द जुळतात. उलट, ‘कोर्टाची संमती मिळाल्याखेरीज हुकूम अमलात आणता येणार नाही’ या बिनचूक वाक्यातला एकही शब्द जुळत नाही. खोट्याला भरघोस गुण आणि खऱ्याला भोपळा! तुलनेला अनेक अनुवाद ठेवले तर हा अन्याय थोडा कमी होतो. पण उलटलेल्या अर्थाची वेगळी शिक्षा तरीही होत नाही.

तपासणीचा मार्ग साधा आहे. मूळ इंग्रजी बाजूला ठेवून मराठी वाक्याला दोन प्रश्न विचारावेत. परवानगी मिळाली, तर अंमलबजावणी करता येईल का? परवानगी मिळाली नाही, तर? मग तेच प्रश्न इंग्रजी वाक्याला विचारावेत. उत्तरे जुळली नाहीत, तर भाषा कितीही सफाईदार असो, अनुवाद रद्द.

या कसोटीलाही मर्यादा आहे. ‘नॉट अनलाइकली’चे कुणी ‘शक्य नाही’ केले, तर ती ते पकडेल. ‘नक्की होईल’ केले, तर मात्र होय-नाहीच्या उत्तरांत काही बिघडलेले दिसणार नाही. मूळ लेखकाने हातचे राखून बोललेले तेवढे हरवेल. ‘असंभव नाही’ आणि ‘नक्की’ यांमधले अंतर ओळखायला वाचणाऱ्याचा कानच लागतो.